आजोबांची ‘जनता’ आणि घड्याळजीला पत्र

आजोबा गेल्यावर कपाट आवरताना रुमालात गुंडाळलेलं मनगटी घड्याळ हाती लागतं. चावी दिली की टिकटिक सुरू होते, घरातले सगळे आळीपाळीने कानाला लावून ऐकतात आणि मध्यरात्रीच्या सुमाराला ते बंद पडतं. दुसऱ्या दिवशी घड्याळजीला एका ओळीचा निरोप जातो, ‘जुनं घड्याळ आहे, दुरुस्तीला किती लागतील?’ तिकडून उत्तर येतं, ‘घेऊन या, बघून सांगतो.’ चूक कुणाचीच नसते, पण काम तिथेच अडतं. चावीच्या घड्याळांचं काम मन लावून करणारे कारागीर आता थोडे उरलेत आणि ते बहुधा दुसऱ्या शहरात असतात. त्यामुळे आधी नीट पत्र लिहिणं हाच सोपा मार्ग आहे.

उदाहरणादाखल एच.एम.टी.चं ‘जनता’ घेऊ. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीशी 1961 मध्ये करार केला आणि बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्या घराण्यातलं ‘जनता’ हे साधं, 17 खड्यांचं, रोज चावी द्यावी लागणारं घड्याळ. काहींच्या डायलवर नावही देवनागरीत आहे. नोकरी लागली म्हणून, लग्नात, निवृत्तीच्या दिवशी ते दिलं-घेतलं जायचं, म्हणून महाराष्ट्रातल्या अनेक घरांत वारशात हेच घड्याळ निघतं. एच.एम.टी. वॉचेस बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2016 मध्ये मंजुरी दिली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पत्रातला एक प्रश्न त्यावरच उभा आहे.

‘किती लागतील’ याचं उत्तर फोटो पाहून का देता येत नाही, हे आधी समजून घेऊ. हे मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. तेल ताजं असलं तर हे वर्षानुवर्षं सहज चालतं. पण घड्याळ कपाटात पडून राहिलं तरी तेल सुकतं, चिकट होतं आणि त्यात धूळ मिसळते. अशा अवस्थेत घड्याळ चालवत राहिलं की सुयांच्या टोकांएवढे बारीक आस झिजू लागतात. नुसतं तेल सुकलं असेल तर साफसफाईवर भागतं. आस झिजला असेल तर भाग बदलावा लागतो. बाहेरून दोन्ही घड्याळं अगदी सारखी दिसतात.

फरक कळतो तो घड्याळाच्या वागण्यावरून, आणि ते वागणं घरी बसून टिपता येतं.

पहिली पाहणी चावीची. सकाळी ठरावीक वेळी हलक्या हाताने चावी द्यायची. साधारण वीस ते चाळीस फेऱ्यांत ती घट्ट होते आणि पुढे जात नाही. तिथेच थांबायचं. चावी कितीही फिरवली तरी घट्टच होत नसेल, तर मुख्य स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता मोठी. ‘जास्त चावी दिली म्हणून घड्याळ अडकलं’ असं घरोघरी म्हणतात, पण ते खरं नाही. चावीचं घड्याळ पूर्ण गुंडाळलेलंच असायला हवं. पूर्ण चावी असूनही ते उभं असेल, तर दोष सुकलेल्या तेलाचा, घाणीचा किंवा मोडलेल्या भागाचा असतो. चावी देणाऱ्या हाताचा नव्हे.

दुसरी पाहणी चालीची. पूर्ण चावी दिल्यावर घड्याळ किती तास चालतं ते लिहायचं. धडधाकट मशीन दीड दिवसाच्या आसपास चालतं. मग ते 12 तास डायल वर करून टेबलावर ठेवायचं आणि किती मिनिटं पुढे-मागे गेलं ते टिपायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चावी द्यायची, पण या वेळी चावीची गुंडी खाली येईल असं उभं ठेवून तेच करायचं. घड्याळ आडवं असताना त्याचं झुलतं चक्र आसाच्या टोकावर टेकतं, उभं असताना ते आसाच्या कडेवर तोललं जातं आणि घर्षण वाढतं. आडव्या आणि उभ्या चालीत मोठा फरक पडला, तर घड्याळजीचं लक्ष सरळ त्या चक्राकडे जातं.

घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बहुधा केसासारख्या बारीक स्प्रिंगला चुंबकत्व लागलेलं असतं किंवा तिचे वेढे तेलाने एकमेकांना चिकटलेले असतात. चुंबकत्व काढणं मिनिटाभराचं काम आहे. म्हणून ‘पुढे जातं’ की ‘मागे पडतं’ हा एक शब्दसुद्धा अंदाज बदलतो.

ही पाहणी दोन-तीन दिवसांत आटपायची, कारण कोरडं मशीन जास्त चालवणं बरं नाही. काचेखाली वाफ धरलेली दिसली किंवा घड्याळ पाण्यात पडल्याचं कुणी सांगितलं, तर पाहणी करूच नये. गंज दिवसागणिक वाढतो. अशा वेळी लवकरात लवकर घड्याळजीकडे पोचवणं हेच काम. मागचं झाकण मात्र घरी कुणीही उघडू नये. बारीक स्प्रिंगला चिमट्याचा नुसता धक्का लागला तरी ती वाकते आणि मग तिचा खर्च वेगळा.

आता पत्र. कराडजवळच्या गावातली एक नात पुण्यातल्या घड्याळजीला लिहिते आहे असं धरू. तिचं पत्र काहीसं असं होईल:

‘स. न. वि. वि.

आजोबांचं एच.एम.टी. ‘जनता’ घड्याळ सर्व्हिसिंगसाठी पाठवायचं आहे. चावीचं, 17 खड्यांचं, पांढरं डायल. सुमारे पंधरा वर्षं कपाटात होतं. मागच्या झाकणाच्या कडेला ओरखडे आहेत, त्यावरून पूर्वी कधीतरी उघडलं असावं. काचेत वाफ दिसत नाही.

चावी घट्ट होईपर्यंत दिल्यावर 18 तास 40 मिनिटं चाललं. डायल वर ठेवून 12 तासांत 2 मिनिटं मागे पडलं, गुंडी खाली ठेवून 12 तासांत 5 मिनिटं. गुंडी ओढून काटे व्यवस्थित फिरतात. काचेला चरे आहेत, गुंडीची नक्षी झिजून ती बोटातून निसटते. समोरून, मागून आणि गुंडीच्या बाजूने काढलेले फोटो जोडले आहेत.

कृपया कळवावं: मशीन पूर्ण सुटं करून साफसफाई आणि तेल घालण्याचे किती? काच आणि गुंडी बदलण्याचे वेगळे किती? मुख्य स्प्रिंग किंवा चक्राचा आस बदलावा लागला तर वर किती, आणि भाग नवा मिळेल की जुन्या मशीनमधला? वेळ किती लागेल, हमी किती महिन्यांची? दुरुस्ती करायची नाही असं ठरलं तर उघडून पाहण्याचे किती?

डायल आणि काटे रंगवू नयेत, केसला पॉलिश करू नये. बदललेले भाग परत द्यावेत. कळवलेल्या आकड्यापेक्षा खर्च वाढणार असेल, तर काम थांबवून आधी फोन करावा. घड्याळाला बाजारात फार किंमत नाही याची कल्पना आहे, तरीही ते चालू करून वापरायचं आहे.

कळावे.’

एवढं पत्र पुरे. त्यातल्या दोन-तीन वाक्यांवर मात्र पैसे आणि घड्याळ दोन्ही अवलंबून आहेत.

‘मशीन पूर्ण सुटं करून’ हे शब्द त्यातले पहिले. सर्व्हिसिंग म्हणून दोन अगदी वेगळी कामं केली जातात. एका प्रकारात मशीन न सोडवता पेट्रोलमध्ये बुडवून काढतात आणि वर तेलाचे थेंब सोडतात. घड्याळ लगेच चालू लागतं आणि वर्षभरात पुन्हा अडतं, कारण खड्यांच्या भोकांतली जुनी घाण तशीच राहिलेली असते. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगचा ताण सोडून डायल, काटे, चाकं सगळं वेगळं होतं, प्रत्येक भाग धुतला आणि भिंगाखाली तपासला जातो. सावकाश फिरणाऱ्या भागांना दाट तेल, झुलत्या चक्राला पातळ तेल. मग यंत्रावर ठोके ऐकून वेगवेगळ्या स्थितींत चाल मोजतात. यात कारागिराचे बरेच तास जातात. दोन दुकानांच्या दरांत तिप्पट फरक दिसला, तर आधी हेच विचारावं की दोघे एकाच कामाचा दर सांगताहेत का.

दुसरा प्रश्न भागांचा. कारखाना बंद झाला, तरी ‘जनता’ची यंत्रं मोठ्या संख्येने बनली होती. घड्याळजी मोडीत आलेल्या मशीनमधून भाग काढून वापरतात आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त तो भाग जुना आहे हे आधी कळायला हवं, कारण त्यावरची हमी कमी असू शकते.

आणि डायल. मुंबईसह अनेक ठिकाणी जुनी डायल खरवडून नव्या रंगात छापली जातात. परदेशातल्या संग्राहकांत अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असंच नाव पडलंय. कारागीर ते ग्राहक खूश व्हावा म्हणून करतो, आणि पत्रात मनाई नसेल तर त्याला दोष देता येत नाही. पण आजोबांच्या मनगटावर पिवळं पडलेलं डायल एकदा खरवडलं की परत येत नाही. काच मात्र खुशाल बदलावी. ती ॲक्रिलिकची असते, बारीक चरे घासूनही जातात आणि नवी घातली तरी घड्याळाचं काही बिघडत नाही.

नातीच्या पत्रातले आकडे घड्याळजी कसे वाचेल? दीड दिवसाऐवजी जेमतेम 19 तास, म्हणजे स्प्रिंग थकलेली आहे किंवा तेल सुकलंय. दोन्ही स्थितींत मागे पडतंय, म्हणजे चुंबकत्वाची शंका कमी. उभं असताना आणखी तीन मिनिटं मागे, म्हणजे चक्राचा आस भिंगाखाली पाहावाच लागेल. एवढ्यावर तो तीन आकडे लिहू शकतो: साफसफाईचा पक्का, काच आणि गुंडीचा पक्का, स्प्रिंग आणि आसाचा ‘लागला तर’. अंदाजपत्रक हे असंच असायला हवं. न पाहताच कुणी सगळ्यासकट एकच आकडा सांगत असेल, तर त्यात आस बदलणं धरलंय का ते विचारून घ्यावं.

घड्याळ पाठवताना चावी देऊ नये, ते आपोआप थांबू द्यावं. पट्टा काढून, मऊ कापडात गुंडाळून, कडक डबीत हलणार नाही असं बसवावं आणि डबीत पत्राची एक प्रत ठेवावी. परत आल्यावर पहिले आठ दिवस रोज एकाच वेळी चावी द्यावी आणि किती फरक पडतो ते त्याच वहीत लिहावं. दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर असेल, तर या वयाच्या मशीनकडून तेवढं पुष्कळ आहे. त्याहून फार जास्त असेल, तर हमीची मुदत संपण्याआधी ती वही घेऊन घड्याळजीकडे जावं.