पेपरमधून माझं नाव काढा, सर!

आज एका पत्राची गोष्ट सांगतो.

घाटंजी तालुक्यातल्या कापूस शेतकऱ्यांचा सर्व्हे होता. 10 गावं, प्रत्येक गावात 30 जण. 5 गावांना फवारणीचं प्रशिक्षण दिलेलं. त्याने विषबाधा कमी झाली का, हा प्रश्न. आकडेमोड माझ्याकडे.

मुख्य लेखकांनी 300 शेतकरी म्हणजे 300 स्वतंत्र नोंदी धरल्या. पण एका गावात दुकान तेच, औषध तेच, त्यामुळे उत्तरंही एकमेकांसारखी येतात. हे साम्य 0.1 धरलं, तर 1 + 29 × 0.1 = 3.9. आता 300 ला 3.9 ने भागा. माहिती जेमतेम 77 जणांइतकी उरते! मग दिसणारा फरक योगायोगाचाही असू शकतो.

सरांना पटेना. मी लिहिलं: "सर, गावांचे गट न धरता काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कृपया हस्तलिखितातून माझं नाव काढावं. आभारातही मला विचारल्याशिवाय नाव घेऊ नये. माझा कोड वापरायला हरकत नाही." प्रत सगळ्या सहलेखकांना पाठवली.

कारण नेमकं लिहिलं, कारण नुसतं नाव काढल्याने चूक दुरुस्त होत नाही. आणि पेपर जर्नलकडे जायच्या आधीच लिहिलं. एकदा तिकडे गेला, की नाव काढायला संपादक साधारणपणे सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात. छापून आल्यावर तर जाहीर दुरुस्तीच लागते.