पाण्याने उघडलेला दरवाजा

खडकवासल्याच्या परिसरातील एखाद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले की सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चित्र हमखास लावले जाते. परिचय करून देणारा सहसा जन्मवर्ष 1861, भारतरत्न 1955 असे वाचून दाखवितो. मुले फलकाकडे पाहतात आणि पुढे जातात. हाच परिचय एका बादलीच्या साहाय्याने करून दिला, तर तो त्यांच्या मनात राहतो.

प्रथम खरी अडचण सांगावी. खडकवासल्याच्या जुन्या धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात सहा ते आठ फूट उंचीचे पाणी वाहून जात असे. उन्हाळ्यात मात्र तेच पाणी हवेसे वाटे. भिंत न वाढविता ते अडवायचे कसे?

आता मुलांशी लहान वाक्यांत बोलावे. "ही बादली म्हणजे धरण. तिच्या काठाला खाच आहे. जास्तीचे पाणी या खाचेतून जाते. आपण खाचेवर दरवाजा बसवू. आता बादलीत जास्त पाणी राहील. पण पूर आला तर?"

येथे तराजू दाखवावा. एका पारड्यात दरवाजा, दुसऱ्यात त्याला तोलून धरणारे वजन. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेले की तोल बदलतो आणि दरवाजा आपोआप उघडतो. पाणी उतरले की तो पुन्हा मिटतो. 1903 साली खडकवासल्यास बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांमागील कल्पना थोडक्यात हीच होती. साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी उंचावली आणि साठा सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढला.

मोठ्या मुलांना आणखी एक मर्म सांगावे. ती खूण मनास येईल तेथे केलेली नव्हती. पूर्वीच्या सर्वांत मोठ्या पुरात पाणी जेथवर चढले होते, तीच ही मर्यादा. तेवढा भार धरणाने आधीच सोसलेला होता. म्हणून "त्यांनी धरण उंच केले" असे सांगणे चुकीचे ठरते. भिंत होती तेवढीच राहिली.

उपमेची मर्यादाही लपवू नये. तराजू हलका असतो. खऱ्या दरवाजांना लाटांचा, गाळाचा आणि गंजाचा सामना करावा लागतो. शिवाय 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्यावर खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. त्यामुळे आजच्या धरणाकडे बोट दाखवून "हेच ते दरवाजे" असे म्हणू नये. फलकावर "शास्त्रज्ञ" असे लिहिले असले, तरी विश्वेश्वरय्या हे अभियंता होते, हेही सांगावे.

शेवटी एकच प्रश्न विचारावा: "पुराच्या रात्री दरवाजा कोणी उघडला?" मूल "पहारेकऱ्याने" म्हणाले, तर तराजू पुन्हा हाती घ्यावा. "पाण्याने" म्हणाले, तर परिचय झाला.