केकचा साचा किती कपांचा?

परदेशी पाककृतीत ‘९ बाय ५ इंचांचा लोफ टिन’ किंवा ‘१२ कपांचा बंट टिन’ असं लिहिलेलं असतं. लोफ म्हणजे पावासारखा लांबट साचा आणि बंट म्हणजे मध्ये नळी असलेला, कडेला पन्हळी असलेला गोल साचा. तो साचा घरात नसतो, दुसराच कुठलातरी असतो. अशा वेळी दोन गोष्टी कळायला हव्यात. आपल्या साच्यात किती मावतं, आणि जो साचा आपल्याकडे नाही त्यात किती मावलं असतं.

आपल्या साच्याचं उत्तर पाण्यात आहे. रिकामा साचा वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलीलिटर, म्हणून आलेल्या ग्रॅमना २४० ने भागलं की कप मिळतात. तळ सुटा असलेल्या साच्यातून पाणी गळतं. त्यात कोरडे तांदूळ घालावेत, पण ते वजनावर नव्हे, तर मेजरिंग कपाने सपाट मोजून. दाण्यांमधली पोकळी कपात जेवढी तेवढीच साच्यात राहते, त्यामुळे कपांची मोजणी पुरेशी खरी येते.

जो साचा समोरच नाही त्यात पाणी ओतता येत नाही, तिथे पाककृतीत छापलेल्या मापांवरून हिशेब करावा लागतो. ९ बाय ५ बाय ३ इंच म्हणजे १३५ घन इंच, साधारण २२१० मिलीलिटर, म्हणजे सव्वानऊ कप. प्रत्यक्षात हा साचा आठ कपांचा धरला जातो. साडेआठ बाय साडेचार बाय अडीच इंचांचा लहान लोफ हिशेबाने साडेसहा कपांचा येतो, पण तो सहा कपांचा मानतात. याचं कारण असं, की छापलेली लांबी-रुंदी वरच्या काठाची असते, बाजू मात्र तळाकडे निमुळत्या होत जातात. म्हणून लोफच्या गुणाकारातून दहा ते पंधरा टक्के वजा करावेत. साचा हाताशी असेल आणि वजनकाटा नसेल, तर काठाचं आणि तळाचं क्षेत्रफळ वेगळं काढून दोन्हींची सरासरी उंचीने गुणावी. काठाला २२ बाय ११.५, तळाला २० बाय ९.५ आणि उंची ७ सेंटीमीटर असेल, तर साधारण १५५० मिलीलिटर येतात. म्हणजे जवळजवळ साडेसहा कप.

बंटच्या बाबतीत हाच हिशेब फार फसवतो. दहा इंच व्यासाचा, साडेतीन इंच उंच साचा सरळ बाजूंचा समजून, मधली तीन इंची नळी वजा करून मोजला, तर सतरा कप येतात. पण या मापाचा बंट बारा कपांचा धरतात. पन्हळी आणि गोलसर तळ बरीच जागा खातात. हा साचा १९५० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या नॉर्डिक वेअर या कंपनीने तयार केला आणि १९६६ च्या पिल्सबरी स्पर्धेतल्या एका चॉकलेट केकने तो घरोघरी पोचवला. म्हणूनच अमेरिकन पाककृतींत तो इतका दिसतो. बंटचे इंचच दिले असतील तर हिशेबातून जवळजवळ तिसरा हिस्सा सोडून द्यावा.

आता एक उदाहरण. पाककृती १२ कपांच्या बंटची, त्यात चार अंडी. घरातल्या रिंग साच्यात २१६० ग्रॅम पाणी मावलं, म्हणजे तो नऊ कपांचा. नऊ भागिले बारा म्हणजे पाऊण. सगळं साहित्य पाऊणपट घ्यावं, बेकिंग पावडरसुद्धा, आणि अंडी तीन. गुणोत्तर असं सरळ आलं नाही तर मला अंड्यांचा पूर्ण आकडा सांभाळून बाकीचं त्याला जुळवून घेणं सोपं वाटतं. उरलेलं मिश्रण लहान कागदी कपांत भाजता येतं. घरात सहा कपांचे दोन लोफ असतील, तर पूर्ण पाककृती त्यांत विभागता येते.

साचा दोन तृतीयांशाच्या आसपास भरावा. त्याच्या फार वर गेलं, तर मिश्रण फुगून ओव्हनच्या तळावर सांडतं, धूर होतो आणि मधला भाग कच्चा राहतो. साचा गरजेपेक्षा मोठा असेल तर केक बुटका होतो आणि कडा आधी कोरड्या पडतात. पाककृतीत मापच दिलं नसेल, तर तयार मिश्रण मोजपात्रात ओतून बघावं. ते सहा कप भरलं तर त्याच्या दीडपट, म्हणजे नऊ कपांचा साचा घ्यावा.

घनफळ जुळलं तरी वेळ जुळत नाही. मधल्या नळीमुळे रिंगला आतूनही उष्णता मिळते. तेवढंच मिश्रण एकाच मोठ्या लोफमध्ये घातलं, तर ते मध्ये शिजायला बराच जास्त वेळ घेतं आणि तोवर वरचा भाग काळपट होऊ लागतो. तसं दिसलं की वर अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर झाकावी. लहान साच्यांत मात्र छापलेल्या वेळेच्या बरंच आधी केक तपासायला लागावं. अगदी मधोमध बारीक काडी खुपसावी, आणि ती मिश्रण न चिकटता बाहेर आली की केक काढावा.