*कांदा विक्रीची वही: काय लिहायचं आणि नंतर कसं वाचायचं*

पट्ट्या आपण सगळेच जपून ठेवतो. पण पट्टीत फक्त दर, वजन आणि कपात असते. त्या दिवशी माल का काढला, हे त्यात नसतं. म्हणून प्रत्येक विक्रीची वहीत एक ओळ लिहा.

*काय लिहायचं*
तारीख, बाजार (नेप्ती, घोडेगाव, वांबोरी जो असेल तो), प्रत, क्विंटल, मिळालेला दर, हमाली-तोलाई-गाडीभाडं वजा जाता हातात आलेले पैसे. त्याच दिवशीचा त्याच बाजाराचा सर्वसाधारण दरही लिहा. आणि विक्रीचं कारण गाडी भरण्याआधीच लिहा: पैशाची गरज, पावसाची भीती, शेजाऱ्यांनी काढला म्हणून, की ठरवलेला दर आला म्हणून. पट्टी हातात आल्यावर कारण आपोआप बदलतं.

*चाळीचा माल वेगळा लिहा*
भरताना किती क्विंटल आणि त्या दिवशीचा दर काय, हे लिहाच. समजा, एप्रिलमध्ये १०० क्विंटल भरला. तेव्हा खर्च जाता १,२०० रुपये, म्हणजे १,२०,००० मिळाले असते. ऑगस्टमध्ये खर्च जाता १,७०० मिळाले, पण सड आणि घट जाऊन माल उरला ७२ क्विंटल. झाले १,२२,४००. निवडाईची मजुरी ६,००० वजा करा, राहिले १,१६,४००. क्विंटलला ५०० रुपये जास्त मिळूनही ३,६०० रुपये कमीच आले. नुसता दर लिहिला असता तर हे दिसलं नसतं.

*हंगाम संपल्यावर वाचायचं कसं*
आधी प्रत्येक ओळीत आपला दर वजा सर्वसाधारण दर काढा. सर्वसाधारण १,४०० आणि आपला १,२५० असेल तर फरक वजा १५०. बाजार तेजीत असो की मंदीत, फरक सतत वजाच येत असेल तर आधी माल तपासा: गोल्टी मिसळलेली, मान नीट न वाळलेली, पत्ती सुटलेली. फरक शून्याच्या आसपास असून पैसे कमी आले असतील तर प्रश्न मालाचा नाही, वेळेचा आहे.

मग कारणानुसार ओळी वेगळ्या करा. "शेजाऱ्यांनी काढला" या ओळींच्या वेळी आवक वाढून दर पडलेला दिसतो का, ते बघा.

*एक काळजी*
चार-पाच ओळींवरून निष्कर्ष काढू नका, निदान दोन हंगाम लिहा. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, तेव्हा दर पडले. तशा दिवसांच्या ओळींवर खूण करून त्या बाजूला ठेवा. तो निर्णय आपला नव्हता.

वही आणि पट्ट्या घेऊन सावेडीच्या ऑफिसला या, फरकाचा रकाना सोबत बसून काढू.