फोटो मशीनच्या पाठीचाही काढा

वाशिमच्या मानोरा तालुक्यातल्या एखाद्या गावातून पुण्यातल्या मुलाला फोन जातो, "शुगरच्या पट्ट्या संपल्यात रे, अॅक्यु-चेकच्या पाठव." मुलगा मशीनचा फोटो मागवतो. येतो तो समोरचा: ठळक कंपनीचं नाव आणि पडद्यावर कालची शुगर. एवढ्यावर पट्ट्या मागवल्या तर चुकण्याची शक्यता मोठी, कारण अॅक्यु-चेकचं मशीन एकच नाही. अॅक्टिव्हची पट्टी इन्स्टंटला चालत नाही, इन्स्टंटची अॅक्टिव्हला नाही.

फरक नुसत्या आकाराचा नाही. अॅक्टिव्हच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की तिथल्या रसायनाचा रंग बदलतो आणि मशीन प्रकाश टाकून तो रंग मोजतं. इन्स्टंटची पट्टी कडेनं रक्त ओढून घेते आणि त्यातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजला जातो. म्हणून कंपनीच्या नावाखालचा बारीक शब्द वाचायला हवा. तो पुसला असेल तर पडद्याकडे बघावं: इन्स्टंटच्या पडद्याशेजारी रंगीत पट्टा असतो आणि आकडा कोणत्या रंगात पडतो ते बाण दाखवतो. खात्री मात्र पाठीवरच्या स्टिकरवरूनच होते. त्याचा फोटो उजेडात, अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून घ्यावा. सोबत पट्ट्यांच्या रिकाम्या डबीचाही घ्यावा. घरात पूर्वीची डबी सापडली तर निम्मं काम झालंच.

अॅक्टिव्हचं मशीन जुनं असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. त्यात पट्ट्यांबरोबर छोटी चिप यायची. पट्टी घातल्यावर पडद्यावर उमटणारा क्रमांक डबीवरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर येणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

अॅक्टिव्ह असो की इन्स्टंट, पट्ट्या ३० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवायच्या नसतात. वाशिमच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात तेवढं भान हवंच. पट्ट्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात, कारण दमट हवेनंही त्या बिघडतात.

बीपीच्या मशीनचं जरा वेगळं आहे. पाठीवरच्या मॉडेल क्रमांकावरून त्या मशीनला चालणारे दंडपट्टे कळतात, पण दंड किती जाड आहे ते फोटोत दिसत नाही. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरच्या दंडासाठी असतो. दंड ३६ सेंटिमीटर असेल तर तो पट्टा आखूड पडतो, दाब नीट पोचत नाही आणि वरचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. जॉन्स हॉपकिन्सच्या २०२३ सालच्या अभ्यासात, ज्यांना सर्वात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ नं जास्त आला. इतक्या फरकानं नसलेलं बीपी दिसू शकतं आणि गोळी सुरू होऊ शकते. म्हणून हात सैल सोडून, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिलाईची टेप लावावी आणि तो आकडा फोटोसोबत लिहून पाठवावा.