साडेतीन पानांचा राग, एका पानाचा अर्ज

तहसील कार्यालयात आलेला अर्ज सगळ्यांत आधी आवक-जावक टेबलावरच्या कारकुनाच्या हाती पडतो. तो विषयाची ओळ बघतो, शिक्का मारतो, आवक क्रमांक घालतो. मग टपाल साहेबांसमोर जातं. साहेब कोपऱ्यात शेरा मारतात आणि अर्ज ज्याच्या संकलनाचा असेल त्या कारकुनाकडे येतो. अर्ज खरा वाचणारा माणूस हा. त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: यावर मी काय करायचं? उत्तर चटकन सापडलं नाही, तर तो एक ठरलेलं पत्र काढतो, ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’, आणि अर्ज त्याला जोडून खाली पाठवतो. म्हणजे तलाठ्याविरुद्धची तक्रार फिरून त्याच तलाठ्याच्या टेबलावर.

रागात लिहिलेल्या अर्जाचं बहुतेक वेळा हेच होतं. वारस नोंदीचा असा एक नमुना घेऊ, कारण गावाकडच्या जवळजवळ प्रत्येक घराला कधी ना कधी हे काम पडतं. वडील वारलेत, जमीन त्यांच्या नावावर आहे, सातबारावर वारसांची नावं लागायची आहेत. मुलगा रात्री बसून साडेतीन पानं लिहितो. त्यातला काही भाग असा:

“गरिबाला या राज्यात कोणी वाली आहे की नाही? माझे वडील जाऊन वर्ष होत आलं. भाऊसाहेबांकडे किती खेटे घातले त्याची गणती नाही. कधी म्हणतात पुढच्या आठवड्यात या, कधी म्हणतात कागद सापडत नाही. पैसेवाल्यांच्या नोंदी चार दिवसांत होतात, त्या कशा होतात ते सगळ्या गावाला माहीत आहे. मुद्दाम अडवणूक चालली आहे. आमच्या चुलत्यानेही बांध कोरून आमची दोन फूट जमीन खाल्ली, तेव्हाही कोणी दाद घेतली नाही. सोसायटीने पीककर्ज नाकारलं. आता मी उपोषणाला बसणार, पेपरात देणार, आणि माझ्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार तुम्ही.”

यातला शब्दन् शब्द खरा असू शकतो. तरीही कारकुनाला काम करता येईल असं यात काहीच नाही. गावाचं नाव नाही, गट क्रमांक नाही, अर्ज केव्हा दिला ते नाही. हवं ते मात्र या ओळींच्या पोटात दडलंय, ते बाहेर काढायचं. त्यासाठी हातात पेन्सिल घेऊन वाक्यावाक्याला विचारायचं: याच्याखाली तारीख आहे का, कागद आहे का, मागणी आहे का? तिन्हीतलं काही नसेल तर वाक्यावर काट.

‘खेटे घातले’ हे वाक्य घेऊ. विचारलं की कळतं, पहिला अर्ज 8 ऑगस्ट 2024 ला समक्ष दिला होता, पोच घेतली नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते आणि ती घेतल्यावर लगेच लेखी पोच देणं हे तलाठ्याचं काम आहे. वडील वारले 12 जूनला, म्हणजे मुलगा मुदतीत होता. पोच मिळाली नाही ही गोष्ट आता तक्रारीतलं एक वाक्य झाली. पुढे 20 जानेवारी 2025 ला त्याने तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला होता, आणि ती पावती घरात पत्र्याच्या पेटीत होती. साडेतीन पानांत तिचा साधा उल्लेख नव्हता! सगळ्या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा तोच, कारण त्या दिवसापासूनचा विलंब कोणालाही नाकारता येत नाही.

‘मुद्दाम अडवणूक’ हा दुसऱ्याच्या मनातला हेतू झाला. तो सिद्ध करता येत नाही, आणि समोरचा ‘आरोप अमान्य’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या जागी जे घडलं नाही ते मोजून लिहायचं: नोंद धरलेली नाही, त्रुटी कळवलेली नाही, कारण लेखी दिलेलं नाही. तीन साधी नकारार्थी वाक्यं. यातल्या प्रत्येकाला खुलासा द्यावा लागतो. माझ्या मते अर्जातला सगळा जोर इथे असतो, त्याला विशेषणाची गरज नसते.

पैशांचा उल्लेख काढायचा म्हणजे अन्याय गिळायचा असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो मजकूर अर्जाला वेगळ्याच रुळावर नेतो. आरोप आला की संबंधित कर्मचाऱ्याचा खुलासा मागवला जातो, खुलासा येतो, त्यावर टिपणी होते, आणि वारस नोंद बाजूला पडते. कोणी खरोखरच पैसे मागितले असतील तर ते काम लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं. 1064 या क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे बोलायचं ते तिथेच बोलावं, तहसीलदारांच्या अर्जात त्याचा सूर नको.

चुलत्याचा बांध तर पूर्ण वेगळा विषय. हद्दीच्या वादाला भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणी मागावी लागते. तो मजकूर वारस नोंदीच्या अर्जात राहिला की ‘जमिनीबाबत वाद आहे’ असा शेरा पडायला आयतं निमित्त मिळतं. वारसाची साधी नोंद आपणच वादग्रस्त करून ठेवायची, ती कशाला?

उपोषणाची धमकी कार्यालयात फार वेगाने फिरते, पण चुकीच्या दिशेला. ती कायदा-सुव्यवस्थेची बाब ठरते. पोलीस ठाण्याला प्रत जाते, अर्जदाराला ‘उपोषणापासून परावृत्त व्हावे’ असं पत्र येतं, आणि फाइलवर ‘कार्यवाही केली’ अशी नोंद होते. पुढची पायरी लिहायची ती आपण खरोखर चढणार असू तीच, आणि तिचं नाव घेऊन.

मसुदा चाळताना एक गोष्ट खटकायला हवी: साडेतीन पानांत बहिणीचं नाव कुठेच नाही. आई आहे, धाकटा भाऊ आहे, लग्न होऊन गेलेली बहीण नाही. हिंदू वारसा कायद्याने मुलगी ही मुलाइतकीच वारस. तिचं नाव वगळून अर्ज केला असेल तर नोंद अडकण्याचं कारण कदाचित तेच असेल, आणि मग दोष एकट्या भाऊसाहेबांचा उरत नाही. (वडिलांची आई हयात असेल तर तीही वारस असते, हेही अनेक घरं विसरतात.) राग ओसरल्यावर आपल्या बाजूची भोकं दिसू लागतात. अर्ज पुन्हा लिहिण्याचा हा मोठाच फायदा.

उलट टोकाचीही एक खोड असते. रागाचा मजकूर काढला की माणूस एकदम पायाशी लोळण घेतो: ‘मायबाप सरकार’, ‘या गरिबावर मेहेरबानी करावी’. नोंद ही मेहेरबानी नाही. ‘महोदय’ने सुरुवात, ‘विनंती आहे’ आणि ‘कळवावे’ ही क्रियापदं, शेवटी ‘आपला विश्वासू’, एवढी अदब पुरे.

अर्ज कोणाला, हेही ठरवावं लागतं. वारस नोंद तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, धरतात. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि चौकशीनंतर निर्णय होतो. या दोघांवर देखरेख तहसीलदारांची, म्हणून अर्ज त्यांना. मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांना एकाच वेळी लिहिण्याची हौस अनेकांना असते. त्या सगळ्या प्रती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत उतरत उतरत शेवटी त्याच तालुक्याच्या टेबलावर येतात, प्रत्येकीला एकेक पत्र चिकटवून.

एवढं झाल्यावर उरलेला अर्ज असा:

प्रति, मा. तहसीलदार, तहसील कार्यालय.

विषय : मौजे अमुक येथील गट क्र. 214 बाबत वारस नोंदीचा अर्ज दि. 20 जानेवारी 2025 पासून प्रलंबित असल्याबाबत.

महोदय,

माझे वडील दि. 12 जून 2024 रोजी मयत झाले. वरील जमीन त्यांच्या नावे आहे. त्यांना पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी असे चार वारस आहेत. अन्य वारस नाही.

वारस नोंदीसाठी मी दि. 8 ऑगस्ट 2024 रोजी ग्राम महसूल अधिकारी यांच्याकडे समक्ष अर्ज दिला. त्याची पोच मिळाली नाही. त्यामुळे दि. 20 जानेवारी 2025 रोजी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला. आजपर्यंत नोंद धरलेली नाही, कागदपत्रांतील त्रुटी कळवलेली नाही व नोंद न धरण्याचे कारणही लेखी मिळालेले नाही.

सातबारावर वारसांची नावे नसल्याने सेवा सोसायटीने खरीप पीककर्ज मंजूर केलेले नाही. पेरणी जूनमध्ये आहे.

विनंती आहे की, वारस नोंद धरून नोटीस काढण्याबाबत संबंधितांना आदेश व्हावेत. त्रुटी असल्यास ती मला लेखी कळवावी. आणि केलेली कार्यवाही दि. 20 मे 2025 पर्यंत कळवावी. विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या महाराष्ट्र अधिनियमातील कलम 10 कडे आपले लक्ष वेधतो. वरील मुदतीत कार्यवाही न झाल्यास उपविभागीय अधिकारी यांच्याकडे दाद मागावी लागेल.

सोबत : मृत्यू दाखला, सातबारा व आठ-अ, चारही वारसांच्या नावांचे प्रतिज्ञापत्र, दि. 20 जानेवारीच्या अर्जाची प्रत व पोस्टाची पावती.

आपला विश्वासू,
(सही) दि. 5 मे 2025

आता यात कारकुनाला टाळायला जागा कुठे आहे बघा. विषयाच्या ओळीत गट क्रमांक आणि विलंबाची तारीख आहे. बहिणीचं नाव प्रतिज्ञापत्रात आलं आहे, मागची त्रुटी तिथेच भरून निघाली. पीककर्ज आणि पेरणी दोन ओळींत आल्याने घाई कशाची आहे ते समजतं, रडगाणं होत नाही. कलम एकच आहे. लोक ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात त्यातलं हे कलम सांगतं की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. आणखी चार कलमं घातली असती तर त्यातलं एखादं चुकीचं निघालं असतं आणि उत्तर त्या चुकीवरच आलं असतं.

दोन प्रती काढायच्या. एक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का द्यायला कोणी कां-कूं केली तर वाद न घालता सरळ पोस्टाने पाठवायचं. 20 मे उलटूनही काही आलं नाही, तर प्रांताधिकाऱ्यांकडे जाण्याबरोबरच दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज करायचा: अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे होता आणि त्यावर काय टिपणी झाली, याच्या प्रती मिळाव्यात. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. महाराष्ट्राच्या नियमांत या अर्जाला एक विषय आणि दीडशे शब्द अशी मर्यादा घालून दिली आहे, त्यामुळे ‘गरिबाला कोणी वाली’ लिहायला तिथे जागाच नसते.