आकड्यामागची जाळी

गोड्या पाण्यातील मायक्रोप्लास्टिकवरच्या संशोधनाचा आढावा लेखकवार लिहिला, तर त्याची नुसती यादी होते. तो नमुना घेण्याच्या पद्धतीनुसार मांडावा. ग्रेट लेक्सचा २०१३ चा अभ्यास ३३३ मायक्रॉनच्या जाळीने पृष्ठभागावरचे कण मोजतो. केरळच्या वेंबनाड सरोवराचा २०१७ चा अभ्यास तळगाळातले. हे आकडे शेजारी ठेवून कोणते सरोवर जास्त दूषित, हे ठरवता येत नाही. जाळीतून निसटलेले बारीक तंतू तर मोजलेच जात नाहीत. म्हणून निवड करताना, कपड्यांतून नमुन्यात पडणाऱ्या धाग्यांची पडताळणी न सांगणारा शोधनिबंध मी मागे ठेवतो. टिपण निबंध मिटून आपल्या शब्दांत करावे, मग आकडे मूळ निबंधाशी ताडावेत. शब्द बदलून वाक्यरचना तीच ठेवली, तर संदर्भ देऊनही ते वाङ्मयचौर्यच ठरते.